मे महिन्याची प्रत आणि सात नंबरची थकबाकी

समजा, चोवीस फ्लॅटांची एक सोसायटी आहे. मेंटेनन्स फ्लॅटमागे महिना १,८०० रुपये. सात नंबरच्या सभासदांना एप्रिलमध्ये पैसे भरायला जमलं नाही, म्हणून मे महिन्यात त्यांनी दोन्ही महिन्यांचे मिळून ३,६०० रुपये भरले आणि पावती घेतली. जूनचं बिल आलं ते पुन्हा ३,६०० रुपयांचं. त्यात १,८०० चालू महिन्याचे आणि १,८०० ‘मागील बाकी’. सभासद पावती घेऊन खजिनदारांच्या दारात उभे. खजिनदारांनी लॅपटॉप उघडला, मे महिन्याचं शीट काढलं; तिथे सात नंबरची शिल्लक शून्य. जूनचं काढलं, तिथे मागील बाकी १,८००. दोन्ही शीटं एकाच फाइलमध्ये, शेजारी शेजारी, आणि एकमेकांशी जुळत नाहीत. एकाही सेलमध्ये चुकीचा आकडा कोणी टाइप केलेला नाही. चूक झाली ती टॅबची प्रत काढताना.

एक्सेलच्या तळाशी दिसणाऱ्या या टॅबकडे बहुतेक जण वहीच्या कडेला लावलेल्या चिठ्ठीसारखं पाहतात: नाव घाला, रंग द्या, हवी तिथे सरकवा. १९९३ साली आलेल्या एक्सेल ५.० पासून एका वर्कबुकमध्ये अनेक शीटं आणि खाली त्यांचे टॅब ही रचना चालत आलेली आहे. पण चिठ्ठीची उपमा निम्मीच खरी. टॅबचा रंग हिशेबात कुठेच येत नाही. टॅबचं नाव आणि टॅबची जागा मात्र सूत्रांमध्ये शिरतात, आणि त्या बदलल्या की आकडेही बदलू शकतात.

सोसायटीची फाइल आधी नीट पाहू. एप्रिल ते मार्च अशी बारा शीटं, सगळ्यांच्या डावीकडे ‘वार्षिक’ नावाचं एक. प्रत्येक महिन्याच्या शीटवर पाचव्या ओळीपासून अठ्ठाविसाव्या ओळीपर्यंत चोवीस फ्लॅट आणि एकोणतिसाव्या ओळीत बेरजा. C स्तंभात मागील बाकी, D मध्ये चालू आकारणी, E मध्ये जमा, F मध्ये शिल्लक. एप्रिलची मागील बाकी हाताने भरलेली; इथे ती सगळ्यांची शून्य आहे. मे महिन्यात ती आपोआप यावी म्हणून मे शीटच्या C5 मध्ये हे सूत्र आहे आणि ते खाली C28 पर्यंत ओढलेलं आहे:

```
='एप्रिल'!F5
```

जूनचं शीट करायची वेळ आली तेव्हा खजिनदारांनी सगळ्यात सोपी वाट धरली. मे टॅबवर माउस दाबून धरला, Ctrl दाबलं आणि टॅब उजवीकडे ओढला. कर्सरपाशी कागदाच्या चित्रावर अधिकाचं चिन्ह दिसलं, म्हणजे शीट हलणार नाही, त्याची प्रत निघणार. आधी माउस सोडायचा, मग Ctrl. क्रम उलटा झाला तर प्रत न निघता मूळ शीटच नव्या जागी जातं. हेच काम टॅबवर राइट क्लिक करून Move or Copy निवडूनही होतं. तिथे Before sheet या यादीतून जागा निवडायची आणि खालच्या Create a copy या चौकटीत खूण करायची. ही खूण राहून गेली तर पुन्हा तेच: प्रत नाही, स्थलांतर. प्रत निघाली की तिचं नाव ‘मे (2)’ असं येतं. खजिनदारांनी टॅबवर डबल क्लिक करून ‘जून’ असं टाइप केलं, E स्तंभातल्या मे महिन्याच्या जमा रकमा पुसल्या आणि जूनच्या भरायला घेतल्या.

सेल निवडून कॉपी-पेस्ट करण्यापेक्षा अख्खं शीट कॉपी करणं चांगलंच. स्तंभांची रुंदी, छपाईची मांडणी, वरचं शीर्षक, सगळं जसंच्या तसं येतं. मात्र सूत्रंही जशीच्या तशी येतात, आणि इथेच मेख आहे. सूत्र जर स्वतःच्याच शीटवरच्या सेलबद्दल बोलत असेल, उदाहरणार्थ F5 मधलं C5+D5-E5, तर प्रतीमध्ये ते प्रतीच्याच सेलबद्दल बोलतं. पण सूत्रात दुसऱ्या शीटचं नाव लिहिलेलं असेल तर ते नाव प्रतीतही तेच राहतं. मे शीट ‘एप्रिल’ला विचारत होतं, त्याची प्रतही ‘एप्रिल’लाच विचारत राहिली. तिचं नाव जून ठेवलं म्हणून ती मे महिन्याकडे वळत नाही, कारण ‘आधीचं शीट’ अशी कल्पनाच त्या सूत्रात नाही. म्हणून सात नंबरची एप्रिलअखेरची १,८०० रुपयांची बाकी जूनच्या बिलावर पुन्हा उमटली. बाकीच्या तेवीस जणांनी एप्रिलचे पैसे वेळेवर भरले होते, त्यामुळे त्यांच्या बिलात शून्यच आलं आणि चूक झाकली गेली.

दुरुस्ती दोन मिनिटांची आहे. जून शीटवर C5 ते C28 निवडायचं, Ctrl+H दाबायचं, Find what मध्ये एप्रिल, Replace with मध्ये मे लिहायचं आणि Replace All. सेल निवडलेले असल्यामुळे बदल तेवढ्यातच होतो. नवं नाव लिहिताना चूक झाली आणि त्या नावाचं शीट फाइलमध्ये नसलं, तर एक्सेल एकदम फाइल निवडायची खिडकी उघडतं आणि तिच्यावर Update Values असं लिहिलेलं असतं. नेहमी काम करणाऱ्यालाही ती खिडकी गोंधळात टाकते. तिचा अर्थ एवढाच, की या नावाचं शीट इथे सापडलं नाही, ते दुसऱ्या कोणत्या फाइलमध्ये आहे का? Cancel करायचं आणि नाव तपासायचं.

आता तपासणीचा सेल कुठे ठेवायचा, हा प्रश्न वाटतो त्याहून नाजूक आहे. मनात पहिल्यांदा येतं ते असं, की प्रत्येक शीटच्या तळाशी ‘मागील बाकीची बेरीज वजा गेल्या महिन्याची शिल्लक’ असं सूत्र ठेवावं आणि उत्तर शून्य आलं की निश्चिंत व्हावं. पण शीटची प्रत काढली की तपासणीचं सूत्रही प्रतीत येतं आणि तेही जुन्याच महिन्याला विचारतं. चुकलेल्या जून शीटवर मागील बाकी एप्रिलची आणि तुलनाही एप्रिलशी! उत्तर शून्य येणारच. साक्षीदार आणि आरोपी एकच झाले. म्हणून ही तपासणी प्रतीसोबत न फिरणाऱ्या शीटवर, म्हणजे ‘वार्षिक’वर हवी, दर महिन्याला एक ओळ याप्रमाणे:

```
='जून'!C29-'मे'!F29
```

आपल्या उदाहरणात इथे १,८०० दिसले असते आणि बिलं छापण्याआधीच चूक सापडली असती.

नावाचा विचार करताना मराठीत काम करणाऱ्यांना काही गोष्टी वेगळ्याने माहीत असायला हव्यात. पहिली गोष्ट फॉन्टची. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं सेलमध्ये मराठी दिसतं, पण टॅबवर त्याची निरर्थक इंग्रजी अक्षरं उमटतात. कारण टॅबचा फॉन्ट संगणकाच्या व्यवस्थेतून येतो. एखाद्या फाइलपुरता तो बदलता येत नाही. टॅबवर मराठी हवं तर युनिकोडच लागतं.

दुसरी गोष्ट लांबीची. शीटच्या नावाला ३१ वर्णांची मर्यादा आहे, आणि देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळे स्वतंत्र मोजले जातात. ‘ग्रामपंचायत’ हा शब्द डोळ्यांना सहा अक्षरांचा दिसतो. एक्सेलच्या मोजणीत त्याचे अकरा वर्ण होतात. ‘फेब्रुवारी’ चार अक्षरांचा, पण वर्ण दहा. त्यामुळे लांब मराठी नाव मध्येच अडकतं आणि का अडकलं ते कळत नाही. शिवाय तिरकी रेघ, उलटी तिरकी रेघ, प्रश्नचिन्ह, तारांकन, अपूर्णविराम आणि चौकोनी कंस ही चिन्हं नावात चालत नाहीत. ‘मार्च 24/25’ असं नाव देता येत नाही, 24-25 चालतं. खरं तर वर्ष टॅबवर लिहूच नये, ते फाइलच्या नावात असावं. टॅबवर नुसतं ‘मार्च’ असलं की सूत्रं वाचता येतात आणि खाली एका नजरेत जास्त टॅब मावतात.

तिसरी गोष्ट सर्वांत फसवी. शीटचं नाव बदललं की त्या शीटला थेट विचारणारी सूत्रं एक्सेल स्वतःहून सुधारतं. ‘मे (2)’ चं ‘जून’ केलं की ज्या ज्या सूत्रात ‘मे (2)’ होतं तिथे ‘जून’ येतं. पण नाव जिथे अवतरणचिन्हांत, नुसता मजकूर म्हणून लिहिलेलं असतं तिथे एक्सेल हात लावत नाही. टॅब खूप झाले की अनेक जण ‘वार्षिक’ शीटवर अनुक्रमणिका करतात, म्हणजे महिन्याच्या नावावर क्लिक केलं की ते शीट उघडावं:

```
=HYPERLINK("#'ऑगस्ट'!A1","ऑगस्ट")
```

ही सोय चांगली आहे, पण टॅबचं नाव बदललं की हा दुवा मोडतो. INDIRECT वापरून नाव जोडणाऱ्या सूत्रांचंही तसंच, ती #REF! दाखवतात. मराठीत याला आणखी एक पदर आहे. ‘ऑगस्ट’मधला ‘ऑ’ हा एकच वर्ण म्हणूनही टाइप होतो, आणि काही कीबोर्डांवरून आधी ‘आ’ आणि मग वरचा चंद्र असाही होतो. पडद्यावर दोन्ही जवळपास सारखे दिसतात, पण एक्सेलला ती दोन वेगळी नावं वाटतात. सूत्र डोळ्यांना बरोबर दिसतं आणि तरी चालत नाही, अशा वेळी टॅबवर डबल क्लिक करून तिथलं नाव कॉपी करावं आणि सूत्रात तेच पेस्ट करावं. नावाच्या शेवटी चुकून पडलेली मोकळी जागाही याच उपायाने निघते.

नावानंतर जागा. वर्षाची एकूण जमा काढायला बारा शीटांची नावं अधिक चिन्हांनी जोडत बसायची गरज नाही. ‘वार्षिक’ शीटवर =SUM( टाइप करून एप्रिलच्या टॅबवर क्लिक करायचं, Shift दाबून मार्चच्या टॅबवर क्लिक करायचं, मग E29 निवडून Enter. सूत्र असं तयार होतं:

```
=SUM('एप्रिल:मार्च'!E29)
```

हे फार देखणं सूत्र आहे, पण ते नेमकं काय म्हणतं ते समजून घ्यायला हवं. ‘एप्रिलपासून मार्चपर्यंतचे महिने’ असं ते म्हणत नाही. महिने ते जाणतच नाही. ‘एप्रिलच्या टॅबपासून मार्चच्या टॅबपर्यंत, तळाच्या पट्टीवर मध्ये जी जी शीटं उभी आहेत त्या सगळ्यांचा E29’ असं ते म्हणतं. रांगेत कोण उभं आहे एवढंच ते बघतं.

आपल्या सोसायटीचे वर्षाचे आकडे घेऊ. एप्रिलमध्ये सात नंबर सोडून तेवीस फ्लॅटांचे ४१,४०० आले. मे महिन्यात सात नंबरचे जादा १,८०० धरून ४५,००० आले. जून ते फेब्रुवारी दरमहा पूर्ण ४३,२००. मार्चमध्ये अकरा आणि एकोणीस नंबरचे पैसे यायचे राहिले, म्हणून ३९,६००. एकूण ५,१४,८००. बँकेच्या पासबुकातही मेंटेनन्सची जमा तेवढीच.

आता कोणी काही तपासण्यासाठी मे शीटची एक प्रत काढली आणि ती ‘मे (2)’ नावाने तिथेच मध्ये राहिली, तर वार्षिक बेरीज ५,५९,८०० होते. मे महिना दोनदा मोजला गेला. उलट, टॅबवर क्लिक करताना माउस जरासा घसरला आणि मे टॅब मार्चच्या उजवीकडे जाऊन पडला, तर बेरीज ४,६९,८०० होते. दोन्ही वेळा कुठे लाल खूण नाही, इशारा नाही, चुकीचा संदेश नाही. सूत्र अक्षरशः तेच राहतं. फरक पासबुकाशी ताळा केल्यावरच दिसतो, आणि फरकाची रक्कम जर एखाद्या महिन्याच्या जमेइतकीच असेल, इथे ४५,०००, तर आधी सूत्रं न तपासता टॅबची रांग तपासावी.

यात लपवलेल्या शीटांचाही हात असू शकतो. ‘मे (2)’ नको म्हणून कोणी त्यावर राइट क्लिक करून Hide केलं, तर ते नजरेआड होतं, रांगेतून मात्र जात नाही. लपवलेलं शीटही बेरजेत धरलं जातं. कोणत्याही टॅबवर राइट क्लिक केल्यावर Unhide हा पर्याय ठळक दिसला तर फाइलमध्ये काहीतरी लपलेलं आहे असं समजावं.

या सूत्राचा वापर करणारे अनुभवी लोक रांगेच्या दोन टोकांना दोन कोरी शीटं ठेवतात. एकाचं नाव ‘आरंभ’, दुसऱ्याचं ‘अखेर’, आणि सूत्र ‘आरंभ:अखेर’ असं. मग वर्षाच्या सुरुवातीला एकट्या एप्रिलचं शीट असलं तरी सूत्र चालतं, पुढचं प्रत्येक शीट ‘अखेर’च्या डावीकडे घातलं की आपोआप बेरजेत येतं, आणि कच्च्या कामाची प्रत ‘अखेर’च्या उजवीकडे ठेवली की ती हिशेबाबाहेर राहते. गूगल शीट्समध्ये ही सोय नाही. तिथे अशी रांगेची बेरीज करता येत नाही, प्रत्येक शीटचं नाव वेगळं लिहावं लागतं.

रांग पक्की झाली की ती हलू नये म्हणून Review मधलं Protect Workbook वापरावं आणि त्यात Structure वर खूण असावी. त्यानंतर सेलमध्ये आकडे भरता येतात, पण टॅब सरकवणं, नाव बदलणं, नवं शीट घालणं किंवा काढून टाकणं बंद होतं. चुकून घसरलेल्या माउसवर हा पुरेसा उपाय आहे. तो हवाच, कारण डेस्कटॉपच्या एक्सेलमध्ये टॅबच्या कामांना Ctrl+Z चा आधार धरता येत नाही. शीट काढून टाकताना एक्सेल एकदा विचारतं, तो प्रश्न वाचूनच उत्तर द्यावं. मोठी फेररचना करायच्या आधी फाइल सेव्ह केलेली असली तर बिघडल्यावर ती सेव्ह न करता बंद करून पुन्हा उघडता येते.

एकाच वेळी अनेक टॅब निवडण्याची सोय याच पट्टीवर आहे. एप्रिलवर क्लिक, Shift दाबून मार्चवर क्लिक, की बाराही शीटं एकत्र बांधली जातात आणि खिडकीच्या वरच्या पट्टीवर फाइलच्या नावाशेजारी Group असं येतं. आता एका शीटवर ‘मालक’ या शीर्षकाऐवजी ‘सभासद’ लिहिलं की बाराही शीटांवर त्याच सेलमध्ये ते उमटतं. काम झालं की टॅबवर राइट क्लिक करून Ungroup Sheets करायचं. हे विसरलं आणि तसंच नऊ नंबरच्या फ्लॅटचे १,८०० जमा म्हणून भरले, तर ते बाराही महिन्यांत भरले जातात आणि तिथे आधी असलेले आकडे पुसले जातात. पडद्यावर एकच शीट दिसत असल्यामुळे हे लक्षात येत नाही. आकडा टाइप करण्याआधी वरच्या पट्टीकडे बघण्याची सवय इथे फार उपयोगी पडते.

रंगाबद्दल थोडक्यात सांगता येईल. राइट क्लिक, Tab Color, हवा तो रंग. जे शीट उघडं आहे त्याचा रंग फिका दिसतो, दुसऱ्या टॅबवर गेलं की तो भरदार होतो. रंग लागलाच नाही असं वाटून अनेक जण पुन्हा पुन्हा निवडत राहतात. साधी सूत्रं हा रंग वाचू शकत नाहीत आणि तो छापलाही जात नाही, म्हणून तो फक्त डोळ्यांसाठी. ताळा झालेले महिने निळे, चालू महिना पिवळा, ‘वार्षिक’ काळं, एवढे तीन रंग पुरतात. लाल-हिरव्याची जोडी टाळलेली बरी, कारण हे दोन रंग वेगळे न ओळखू शकणारी माणसं कमी नाहीत. आणि शीटची प्रत काढली की रंगही सोबत येतो, त्यामुळे निळ्या मे महिन्याची प्रत काढून केलेला जून जन्मतःच ताळा झालेला दिसतो. नाव बदलताना त्याच हाताने रंगही बदलावा.

बारा-पंधरा टॅब झाले की ते पट्टीवर मावत नाहीत. डाव्या कोपऱ्यातल्या छोट्या बाणांवर राइट क्लिक केलं की सगळ्या दिसत्या शीटांची यादी उघडते. शेजारच्या शीटवर जायला Ctrl+Page Down आणि Ctrl+Page Up.

मार्च संपला की नव्या वर्षाची फाइल. मार्चच्या टॅबवर राइट क्लिक, Move or Copy, To book मध्ये (new book), Create a copy वर खूण, आणि नव्या फाइलमध्ये नाव ‘एप्रिल’. मात्र एकटं शीट दुसऱ्या फाइलमध्ये गेलं की त्यातली बाहेरची नावं जुन्या फाइलशी बांधलेली राहतात. नव्या एप्रिलच्या C5 मध्ये असं काहीतरी दिसतं:

```
='[सोसायटी 2024-25.xlsx]फेब्रुवारी'!F5
```

हीच फाइल हिशेब तपासनिसांना पाठवली की त्यांच्याकडे ती उघडताना दुवे अद्ययावत करण्याबद्दलचा इशारा येतो. शिवाय इथे हवी आहे मार्चअखेरची शिल्लक, फेब्रुवारीची नव्हे. म्हणून जुन्या फाइलच्या मार्च शीटवरचे F5 ते F28 कॉपी करायचे, नव्या एप्रिलच्या C5 वर Paste Special मधून Values म्हणून उतरवायचे आणि मग E स्तंभ पुसायचा. जुन्या वर्षाची आकारणी ५,१८,४०० आणि जमा ५,१४,८००. तेव्हा नव्या फाइलच्या C29 मध्ये ३,६०० यायला हवेत: अकरा नंबरचे १,८०० आणि एकोणीस नंबरचे १,८००. सात नंबरच्या समोर शून्य.